साक्षगंधाआधी सासूबाईंना चिठ्ठी

साक्षगंधाआधी होणाऱ्या सासूबाईंना करवतकाठी साडी पाठवतेय. सोबत चिठ्ठीत काय लिहू?

मायन्यात 'तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार' लिहा, 'सासूबाई' लग्नानंतर. 'तीर्थरूप' जन्मदात्यांसाठी, आईवडिलांसारख्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' हा जुना पत्ररिवाज. पुढे चार ओळी पुरेत, त्यातली एक त्यांच्याच घरातली हवी:

"त्या दिवशी तुम्ही आग्रहानं वाढलेली पुरणपोळी अजून आठवते. ही साडी आईनं आणि मी मिळून निवडली. काठ आवडले तर साक्षगंधाला नक्की नेसा. घरी सगळ्यांना नमस्कार."

किंमत, दुकान काही लिहू नका. 'नक्की'चा हट्ट मात्र त्यांनी त्या दिवसाची साडी आधीच घेतली नसेल तरच. नाहीतर 'सवडीनं नेसा'. आणि गावात चिठ्ठी बहुधा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली जाते, म्हणून मुलाबद्दल अवाक्षर नको.