जास्तीचे काम दुसऱ्याला देण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रश्न : मी चार वर्षांपासून एकटाच वेबसाइट तयार करण्याची कामे घेतो. एका साइटचे साधारण साठ हजार मिळतात. गेल्या सहा महिन्यांत वेळ नसल्यामुळे तीन कामे सोडावी लागली. आता एखाद्या डेव्हलपरला काम वाटून देऊन छोटी एजन्सी सुरू करावी का? योग्य वेळ कशी ओळखावी?

उत्तर : सर्वप्रथम ती तीन सोडलेली कामे कोणती होती, ते कागदावर लिहून काढा. तिन्ही कामे एकाच जातीची असतील, म्हणजे समजा दवाखान्यांच्या किंवा छोट्या कारखान्यांच्या माहितीपर साइट असतील, तर वाटून देण्याजोगे काम तुमच्याकडे आहे. त्याउलट एक ऑनलाइन दुकान, एक मोबाइल ॲप आणि एक जुन्या साइटची डागडुजी अशी सरमिसळ असेल, तर तुम्हाला प्रत्येक वेळी नवा माणूस शोधावा लागेल आणि त्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगावे लागेल. अशा स्थितीत माणूस जोडण्यापेक्षा दर वाढवून मोजकीच कामे घेणे अधिक फायद्याचे ठरते.

कामे एकसारखी आहेत असे धरून पुढचा हिशेब मांडतो, कारण माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. साठ हजारांच्या साइटला तुमचे सत्तर तास जातात असे समजू. त्यांपैकी बारा तास ग्राहकाशी बोलण्यात, आठ तास मांडणी ठरवण्यात, पंचेचाळीस तास प्रत्यक्ष कोड लिहिण्यात आणि पाच तास साइट चालू करून देण्यात जातात. म्हणजे तासाला सुमारे ८५७ रुपये पडतात. आता कोडचे पंचेचाळीस तास तुम्ही तीस हजारांत दुसऱ्याला दिले, तर तुमच्याकडे पंचवीस तास उरायला हवेत. पण तसे होत नाही. कामाचा तपशील नीट लिहून देण्यासाठी तीन तास आणि आलेले काम तपासण्यासाठी किमान तीन तास नव्याने लागतात. अशा एकतीस तासांत तीस हजार उरले, म्हणजे तासाला सुमारे ९६८ रुपये.

ही वाढ दिसायला बरी आहे, पण ती फार नाजूक आहे. तपासणीत आणि दुरुस्तीत आणखी चारच तास गेले, तर तुमचे पस्तीस तास होतात आणि तुम्ही पुन्हा बरोबर ८५७ रुपयांवर येता. पहिल्या दोन-तीन कामांत चार तासांची दुरुस्ती ही किरकोळ गोष्ट असते. माझी त्याहून बरीच जास्त झाली होती. म्हणून आधी ग्राहकाला सांगायचा भाव वाढवावा आणि मगच माणूस जोडावा. त्याच साइटचे पंचाहत्तर हजार मिळाले आणि बारा तासांची दुरुस्ती निघाली, तरी त्रेचाळीस तासांत पंचेचाळीस हजार, म्हणजे तासाला हजारावर रुपये सुटतात. पंचाहत्तर हजारांना ग्राहक तयारच होत नसतील, तर सोडलेली कामे ही मागणी जास्त असल्याची खूण नसून भाव कमी असल्याची खूण आहे, असे समजावे.

तपासणीबद्दल मी इतका आग्रह का धरतो, ते सांगतो. मी दुसऱ्याकडून करून घेतलेली पहिली साइट एका दवाखान्याची होती. कोड नीटनेटका होता, मोबाइलवर साइट चांगली दिसत होती आणि मी समाधानाने ती चालू करून दिली. अकरा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला की साइटवरून एकाही रुग्णाने वेळ मागितलेली नाही. शोधल्यावर कळले, की फॉर्मची चाचणी घेताना डेव्हलपरने स्वतःचा ईमेल पत्ता घातला होता आणि तो तसाच राहिला होता. अकरा दिवसांतील रुग्णांच्या सगळ्या विनंत्या त्याच्या इनबॉक्समध्ये पडून होत्या. चूक त्याच्या हातून झाली असली तरी डॉक्टरांच्या दृष्टीने ती माझीच होती, आणि ते योग्यच होते. तेव्हापासून साइट चालू झाल्यावर मी माझ्या मोबाइलवरून प्रत्येक फॉर्म स्वतः भरतो आणि तो ग्राहकाकडे पोहोचल्याचे त्यांच्याकडून फोनवर ऐकल्याशिवाय काम पूर्ण धरत नाही. कोडही पहिल्या दिवसापासून माझ्याच खात्यावरील रिपॉझिटरीत ठेवायला लावतो, म्हणजे माणूस मध्येच थांबला तरी काम अडत नाही.

आता कराची बाजू पाहू. तुमच्यासारखे अनेक जण तांत्रिक सल्लागार म्हणून ४४एडीए या नावाने परिचित असलेल्या अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरतात. त्या पद्धतीत एकूण जमेचा किमान निम्मा भाग नफा धरला जातो. एकट्याने काम करताना खर्च कमी असल्याने ही सोय लाभाची असते. पण समजा वर्षाचे बिलिंग तीस लाखांवर गेले, त्यातले चौदा लाख डेव्हलपरांना आणि चार लाख इतर खर्चाला गेले, तर हातात बारा लाख राहतात आणि कर मात्र पंधरा लाखांवर बसतो. कमी नफा दाखवायचा तर हिशेबाच्या वह्या ठेवणे आणि लेखापरीक्षण करून घेणे ओघाने येते. शिवाय सेवांसाठी जीएसटी नोंदणीची वीस लाखांची मर्यादा एकूण उलाढालीवर मोजतात, तुमच्या वाट्यावर नव्हे. नोंदणी असलेल्या कारखान्याला १८ टक्क्यांचे क्रेडिट मिळते, त्यामुळे त्याची फारशी तक्रार नसते. पण वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने दवाखान्याला ते क्रेडिट मिळत नाही आणि त्याच्यासाठी साठ हजारांची साइट थेट ७०,८०० रुपयांची होते. तुमचे ग्राहक कोणत्या प्रकारचे आहेत, हे पाहून सी.ए.ना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा. मार्चमध्ये गेल्यास फार काही करता येत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच कामापासून लेखी करावी. स्वतंत्र डेव्हलपरने लिहिलेल्या कोडचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, साधारणतः त्याच्याकडेच राहतो; तुम्ही पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन्ही शब्द करारात स्पष्ट असू द्या. तुम्ही ग्राहकाला जो हक्क लिहून देता, तो आधी तुमच्या हातात आलेला असला पाहिजे.

डेव्हलपरचे पैसे ग्राहकाच्या शेवटच्या हप्त्यावर अवलंबून ठेवू नका. ग्राहक दोन महिने लावतो आणि चांगला माणूस तेवढ्यात दुसरीकडे जातो. दोन साइट एकाच वेळी बाहेर द्यायच्या असतील, तर साठ हजार रुपये खात्यात वेगळे काढून ठेवलेले असावेत. तेवढे नसतील तर सध्या एकच काम द्या, आणि तेही असे, की ज्याची मुदत आठवडाभर पुढे गेली तरी ग्राहकाचे अडणार नाही. अशी तीन कामे झाल्यावर प्रत्येकात तुमचे किती तास गेले ते पाहा. तिसऱ्या कामात ते पस्तिसाच्या आत आले असतील, तर दुसरा डेव्हलपर शोधायला हरकत नाही. आले नसतील, तर माणूस बदलण्यापूर्वी तुम्ही लिहून दिलेला तपशील पुन्हा वाचा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा उणीव तिथेच सापडली.