पोअर-ओव्हरमध्ये, म्हणजे फिल्टरमधल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून कॉफी करताना, पहिलं पाणी ओतलं की कॉफीची पूड का फसफसते? आणि ती आधी भिजवून नेमकं काय साधतं?

तो कार्बन डायऑक्साइड. बिया भाजताना आत तयार होतो, तिथेच अडकतो आणि गरम पाणी लागलं की बुडबुड्यांतून सुटतो. तो जोरात बाहेर पडत असताना पाणी पुडीत नीट मुरत नाही. वाट मिळेल तिथून खाली पळतं, मधेच कोरड्या गुठळ्या राहतात आणि कॉफी पाणचट, आंबूस लागते. म्हणून १५ ग्रॅम पुडीवर आधी ४० ग्रॅम पाणी गोल फिरवत ओता आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबा. फुगवटा खाली बसू लागला की पुढचं पाणी.

ताजी भाजलेली पूड भाकरीसारखी टम्म फुगते. महिनाभर उघड्या डब्यात पडलेली मात्र नुसता चिखल होते. तिच्यातला वायू केव्हाच उडालेला असतो (सुगंधही बराचसा). तिला फार वेळ थांबू नका, भिजली की झालं.