'गंगाजळी घटली' म्हणजे डॉलर विकले असंच का?

"पेपरात 'परकीय चलनाची गंगाजळी घटली' असं येतं आणि त्याच बातमीत 'रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले' असंही असतं. मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. आमच्या कन्नड पुस्तकात याला 'विदेशी विनिमय मीसलु' म्हटलंय. दोन्ही एकच का? आणि घटली म्हणजे तेवढे डॉलर विकले असंच समजायचं ना?" (निपाणीहून)

दोन्ही एकच. मीसलु म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं, राखीव. राज्य राखीव पोलिसांच्या गाडीवर कन्नडमध्ये 'मीसलु' लिहिलेलं तुम्ही बेळगावात पाहिलं असेलच. आपली गंगाजळीही तशीच: काशीहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचा तोंड बंद केलेला गडू देवघरात असायचा, तो रोजच्या तहानेसाठी फोडायचा नसे. अडीअडचणीसाठी राखलेला पैसा हा अर्थ तिथूनच आला असावा. मला स्वतःला 'राखीव साठा' या कोरड्या शब्दापेक्षा गंगाजळी आवडते. पण तिच्यामुळे एक चुकीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. गडूतलं पाणी कमी झालं तर कुणीतरी ते ओतलेलं असणार, असं आपण धरतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

आधी खरोखर डॉलर विकले जातात तेव्हा काय होतं ते पाहू. तेल कंपन्यांना डॉलर हवेत, परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर घेऊन निघालेत, म्हणून बाजारात डॉलरला मागणी फार आणि रुपया पडतोय. अशा वेळी रिझर्व्ह बँक बहुधा सरकारी बँकांमार्फत डॉलर विकायला काढते. 84 च्या दराने 100 कोटी डॉलर विकले, तर समोरून 8,400 कोटी रुपये येतात. हे रुपये येतात ते बँकांच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून. तिथून ते वजा झाले की कुणाच्याच खिशात राहत नाहीत, बाजारातून नाहीसेच होतात. म्हणजे एका बाजूला डॉलर वाढले आणि दुसऱ्या बाजूला रुपया दुर्मिळ झाला. रुपयाला दोन्हींचा आधार मिळतो.

मात्र रुपया फार दुर्मिळ झाला की बँकांना एकमेकींकडून पैसे महाग मिळू लागतात आणि तो ताण उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीच्या कर्जापर्यंत पोचू शकतो. म्हणून रिझर्व्ह बँक बऱ्याचदा एका हाताने काढून घेतलेले रुपये दुसऱ्या हाताने, सरकारी रोखे विकत घेऊन, परत सोडते. इंग्रजीत याला स्टरिलायझेशन म्हणतात. याचं भाषांतर 'निर्जंतुकीकरण' असं केलेलंही मी वाचलंय, जणू नोटांना फिनेल लावलं! परीक्षेत 'निष्प्रभावीकरण' लिहा. डॉलरच्या व्यवहाराचा देशातल्या पैशावर झालेला परिणाम पुसून टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ.

रुपया फार चढू द्यायचा नसेल तर हेच उलट करतात. बँक डॉलर विकत घेते आणि त्यासाठी नवे रुपये बाजारात सोडते. 2020-21 मध्ये परदेशी पैसा भरभरून येत होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने वर्षभरात निव्वळ 68 अब्ज डॉलर घेतले. रुपये तिचे स्वतःचेच, म्हणून या दिशेला ते संपायची भीती नाही. भीती असते ती बाजारात रुपयांचा पूर येऊन महागाई वाढण्याची. रुपया वाचवताना मात्र दुसऱ्या देशाचं चलन खर्चावं लागतं, आणि ते छापता येत नाही. गंगाजळीची एवढी चर्चा होते ती यासाठीच.

आता न विकताही ती कशी घटते ते सांगतो. गंगाजळीत सगळे डॉलरच नसतात. युरो, पौंड, येन असतात, सोनं असतं, आणि बरीचशी रक्कम परदेशी सरकारांच्या रोख्यांत असते. आकडा मात्र सगळा डॉलरमध्ये मांडतात. समजा साठ्यात 10 कोटी युरो आहेत. 2022 च्या सुरुवातीला युरो साधारण 1.13 डॉलरला होता, म्हणजे त्यांची किंमत 11.3 कोटी डॉलर. त्या सप्टेंबरात युरो 0.98 च्या आसपास उतरला, तेव्हा तेच युरो 9.8 कोटी डॉलरचे झाले. एकही युरो विकला नाही, तरी दीड कोटी डॉलर 'घटले'. शिवाय अमेरिकेत व्याजदर चढले की हातातल्या जुन्या रोख्यांचा भावही पडतो. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला सुमारे 606 अब्ज डॉलर असलेली गंगाजळी 23 सप्टेंबरला 537 अब्जांवर आली आणि 'रिझर्व्ह बँकेने सत्तर अब्ज उडवले' अशी ओरड झाली. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 30 सप्टेंबरला सांगितलं की यातली सुमारे 67 टक्के घट निव्वळ मूल्यांकनातल्या फरकाची आहे. म्हणजे प्रत्यक्ष खर्च साधारण एक तृतीयांशच.

याच्या उलटंही घडतं, आणि ते जास्त फसवं आहे: डॉलर देऊन टाकल्यासारखेच असतात, पण गंगाजळी घटलेली दिसत नाही. रिझर्व्ह बँक आज डॉलर न देता 'अमुक महिन्यांनी अमुक दराने देईन' असा वायद्याचा सौदा करू शकते. बाजाराला आधार आज मिळतो आणि डॉलर जायचे ते पुढे. दुसरी वाट स्वॅपची. आधी डॉलर विकून रुपये आखडले, मग बँकांकडून डॉलर घेऊन रुपये सोडले आणि ते डॉलर ठरलेल्या तारखेला परत करायचं कबूल केलं. 31 जानेवारी 2025 ला 5 अब्ज डॉलरचा सहा महिन्यांचा आणि 28 फेब्रुवारीला 10 अब्जांचा तीन वर्षांचा असे स्वॅप झाले. घेतलेले डॉलर गंगाजळीत मोजले जातात, परत द्यायची कबुली मात्र त्या आकड्यात उतरत नाही. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस गंगाजळी सुमारे 639 अब्ज डॉलर होती, आणि वायद्याने द्यायचे निव्वळ डॉलर 88 अब्जांहून जास्त. ते सगळे एकदम जात नाहीत, मुदत आली की सौदा पुढेही ढकलता येतो. तरी 639 हा आकडा सगळाच्या सगळा हाताशी आहे असं मानणं चूक.

म्हणून 'गंगाजळी घटली' हे वाक्य भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे, 'गंगाजळी खर्चली' असा मथळा मात्र बहुतेक वेळा अंदाजाने दिलेला असतो. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी गंगाजळीचा जो आकडा देते त्यावरून कुणालाच विक्री कळत नाही. ती कळते रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनातल्या डॉलर खरेदी-विक्रीच्या तक्त्यात, आणि तोही साधारण दोन महिने मागचा असतो. त्याच तक्त्यात महिनाअखेरीचे वायद्याचे बाकी सौदेही दिलेले असतात. उणे चिन्ह असेल तर तेवढे डॉलर द्यायचे आहेत, असं वाचा.