जिथे कानाला काहीच कळत नाही

“मी मराठी माध्यमात शिकलो, नंतर डिप्लोमा केला. आता दिवसाला तीस-चाळीस इंग्रजी मेल लिहावे लागतात आणि प्रत्येक मेलमध्ये स्पेलिंगच्या चुका होतात. एकदा तर सगळ्या टीमसमोर हसं झालं. शाळेत असल्यापासून हेच चाललंय. मला डिसलेक्सिया असेल का? आणि नसेल, तर या वयात हे सुधारेल का?”

पहिल्याच भेटीत मी त्याला त्या ‘हसं झालं’चा मेल दाखवायला सांगितलं. त्याला लिहायचं होतं की रिपोर्ट संध्याकाळपर्यंत नक्की पाठवतो. घाईत टाइप झालं definatly. फोनने ते आपल्या अकलेने सुधारलं आणि केलं defiantly. म्हणजे साहेबांना निरोप गेला, ‘रिपोर्ट मी तुम्हाला न जुमानता पाठवीन.’ मलाही हसू आलं, पण तो हसत नव्हता.

डिसलेक्सियाची शंका मी झटकून टाकली नाही. लहानपणी वाचायला कधी शिकला, मराठी वाचताना अडखळायचा का, घरात कुणाला असा त्रास होता का, हे विचारलं. एक मराठी आणि एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचून घेतला आणि वीस इंग्रजी शब्द सांगून लिहून घेतले. वाचन दोन्ही भाषांत सरळ होतं. वीसपैकी सात शब्द चुकले, पण दहा मिनिटांनी तेच सात पुन्हा लिहायला सांगितल्यावर ते अगदी त्याच जागी, त्याच पद्धतीने चुकले. एकाच पानावर तोच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिला जात असेल, स्पष्ट ऐकू येणारी अक्षरंही गळत असतील, मराठी वाचनही संथ असेल, तर मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा विशेष शिक्षकाकडे रीतसर तपासणीला पाठवते. इथे तसं काही दिसलं नाही. हा माणूस मन लावून चुकीचं स्पेलिंग पाठ करून बसला होता.

मग त्याला मी टीचर, डॉक्टर आणि कॅलेंडर हे शब्द म्हणायला लावले. तिन्हींच्या शेवटी आपल्या कानाला एकच आवाज येतो. कागदावर मात्र teacher मध्ये ई, doctor मध्ये ओ आणि calendar मध्ये ए. इंग्रजीत ज्या भागावर जोर पडत नाही तिथला स्वर इतका पुसट होतो की ऐकून अक्षर ओळखताच येत नाही. आपल्याकडे ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ होतो तो याच जातीचा प्रकार आहे. तिथे ‘आशीः + वाद’ असा शब्द फोडला की रफार कुठे बसतो ते कळतं. इंग्रजीतही असंच फोडता येतं. पूर्ण शब्द कधीच चुकत नाही, त्यातली एक जागा चुकते. ती जागा सोडून अख्खा शब्द पन्नास वेळा लिहिण्यात अर्थ नाही. ही शिक्षा त्याने शाळेत बरीच भोगली होती.

Definitely पासूनच सुरुवात केली, कारण जखम तिथे होती. आपण ‘डेफिनेटली’ म्हणतो आणि मग एन नंतर ए लिहितो. मी विचारलं, डिप्लोमाच्या गणितात आडव्या आठसारखं चिन्ह असायचं, त्याला काय म्हणायचात? “इन्फिनिटी.” त्यात ‘नि’ स्वच्छ ऐकू येतो, ए ला तिथे जागाच नाही. Infinity मधला fini तोच definitely मध्ये आहे. दोन्हींच्या मुळाशी हद्द, शेवट या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ज्याची हद्द नक्की ठरली ते डेफिनिट. हे ऐकल्यावर त्याने तो शब्द पाच वेळा नाही, एकदाच लिहिला आणि बरोबर लिहिला.

Separate मध्ये तो पी नंतर ई लिहायचा. इंग्रजी शाळांत यासाठी ‘मध्ये उंदीर बसलाय’ असं शिकवतात, कारण शब्दाच्या पोटात a rat सापडतो. चांगली युक्ती आहे, पण त्याला ती आधीच माहीत होती आणि ऐन वेळी आठवत नव्हती. मी म्हटलं, हा शब्द देवनागरीत लिहा. त्याने ‘सेपरेट’ लिहिलं. प वर मात्रा आहे का? नाही, म्हणजे त्यात नुसता ‘अ’ आहे. तोच ए. ई हवा असता तर आपण ‘सेपेरेट’ लिहिलं असतं. ही खूण मराठी माणसाच्या हातात आयती आहे, पण सरसकट वापरू नका. कॅलेंडरला ती चालते, डॉक्टरला आणि टीचरला दगा देते.

Receive ची गंमत वेगळी. इथे कानाचा दोष नव्हता, अर्धवट पाठ केलेल्या नियमाचा होता. ‘आय आधी, ई नंतर’ एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. ‘सी नंतर मात्र उलट’ हे शेपूट गळून गेलं होतं. तरी मी नियमावर फार भर दिला नाही, कारण weird आणि seize सारखे शब्द तो मोडतात. त्यापेक्षा कुटुंब धरावं: receive, deceive, perceive आणि त्यांचीच बहीण receipt. सगळीकडे सी, मग ई, मग आय. खूण त्यानेच शोधली. “मॅडम, सीईओचा मेल रिसीव्ह झाला. आधी सी, मग ई.” माझ्या कुठल्याही खुणेपेक्षा ही त्याला जास्त टिकली.

Recommend ला तो दोन सी आणि एक एम द्यायचा. कुठेतरी जोडी आहे एवढं आठवायचं, कुठली ते नाही. याचं कारण मला आपल्या भाषेत दिसतं. मराठीत ‘पका’ आणि ‘पक्का’ कानाला वेगळे लागतात, दुहेरी अक्षराचा जोर ऐकू येतो. इंग्रजीत दोन एम लिहिले तरी उच्चार एकाच म चा, त्यामुळे कान गप्प बसतो. मी त्याला विचारलं, ऑफिसच्या फाइलवर रोज comment टाकता, त्यात चुकता का? कधीच नाही. मग त्याच्या आधी re लावा आणि शेवटचा टी काढून डी ठेवा. अर्थाच्या दृष्टीने हे नातं खरं नाही, शब्द re आणि commend असा फुटतो. पण commend तो कधी वापरतच नव्हता, आणि ओळखीच्या शब्दाला टांगलेली खूणच टिकते.

घरी करायचं काम थोडंच दिलं. पाठवलेल्या मेलमधून दोन आठवड्यांच्या चुका वेचायच्या. प्रत्येक शब्दातली फक्त चुकणारी जागा लाल पेनाने लिहायची. मग शब्द झाकून एका खऱ्या वाक्यात लिहायचा, आणि तेच दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा करायचं. नुसत्या यादीत बरोबर येणारा शब्द मेलच्या घाईत चुकतो, म्हणून वाक्य हवंच. यादी निघाली अकरा शब्दांची. त्याला वाटत होतं, शेकड्याने असतील.

एक गोष्ट मी उशिरा तपासली, ती आधीच पाहायला हवी होती. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला की फोन अजूनही चुकीचाच शब्द सुचवतो. कीबोर्डची सेटिंग्ज उघडली तर त्याच्या वैयक्तिक शब्दकोशात definately आणि recieve दोन्ही जपून ठेवलेले. कधीतरी लाल रेघेचा कंटाळा येऊन त्यानेच ते जमा केले होते. दोन्ही तिथेच काढून टाकले.

सहाव्या आठवड्यात अकरापैकी नऊ शब्द पक्के झाले होते. उरलेल्यांत accommodation होता, ज्यात सी ची जोडी आणि एम चीही जोडी लागते. तो त्याला अजून पाहून लिहावा लागतो. मलाही.