कॉस्टिकचा एसडीएस: आधी एवढंच वाच

एसडीएस म्हणजे रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक. त्याचे सोळा भाग बघून गांगरू नकोस. कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्सच्या गोणीला हात लावण्याआधी दुसरा, चौथा, सातवा आणि आठवा भाग वाच.

दुसऱ्यात धोका असतो. हातावर द्रावण सांडल्याचं चित्र म्हणजे कातडी जाळणारा माल. कॉस्टिक लागलं की आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, आग कधीकधी उशिरा होते. नवी पोरं इथेच फसतात, फडक्याने पुसून कामाला लागतात. बुळबुळीत लागलं की लगेच नळाखाली हात धर.

सातवा हाताळणीचा, आठवा गॉगल-हातमोज्यांचा. द्रावण करताना थंड पाण्यात फ्लेक्स थोडे थोडे टाक, ढवळत राहा. फ्लेक्सवर पाणी कधीच ओतू नकोस; एकदम उकळून तोंडावर उडतं. अॅल्युमिनियमची बादलीही नको, त्यात हायड्रोजन वायू सुटतो.

चौथा प्रथमोपचाराचा, तो पाठच कर:

- डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, मग थेट दवाखाना.
- कपड्यावर सांडलं तर कपडे, बूट काढून अंग धू. व्हिनेगर, लिंबू लावू नकोस.
- पोटात गेलं तर उलटी करवू नकोस.

दवाखान्यात जाताना एसडीएसची प्रत सोबत ने. आणि आयवॉश, म्हणजे डोळे धुवायची सोय, कुठे आहे, ते आजच चालत जाऊन बघ.