ठिणगी विझली, घोर विझत नाही

«मावशी, तीन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डातून ठिणग्या उडाल्या आणि पडदा पेटला. मी मुलाला उचलून बाहेर ठेवलं, मेन स्विच पाडला, जाड चादर टाकून पडदा विझवला. शेजारीण दारात ओरडत होती म्हणे, मला ऐकूच आलं नाही. तेव्हा भीती वाटली नाही, सगळं झाल्यावर मात्र पाय लटपटायला लागले. पुढच्या आठवड्यात सगळं वायरिंग बदललं. पण आता रोज रात्री पाच-सहा वेळा उठून मी बोर्डाला हात लावून बघते, गरम झालाय का. दोन वाजेपर्यंत झोप नाही. सकाळी जबडा आणि मान आखडलेली असते, पोट बिघडलेलं. आता मुलगाही झोपताना विचारतो, ‘आई, स्विच बघितलास?’ खरी आग लागली तेव्हा मी धीट होते, आता काही नसताना भित्री झाले. असं कसं?»

अगं, भित्री झालीस हे आधी मनातून काढून टाक. त्या संध्याकाळी तुझ्या शरीरात जे झालं आणि आता रात्री जे होतं, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. काळजाचा ठोका चुकतो तो क्षणभर. जिवाला घोर लागतो तो मात्र दिवसेंदिवस.

पडदा पेटला तेव्हा धोका समोर होता, डोळ्यांना दिसत होता. अशा वेळी मेंदूतला अमिग्डाला नावाचा लहानसा भाग, आपण विचार करायच्या आतच, शरीराला कामाला लावतो. अॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि लक्ष एकाच जागी खिळतं. शेजारणीची हाक ऐकू न येणं हे त्यातलंच. ‘भीती वाटली नाही’ असं तू म्हणतेस, पण भीती होती. ती तुझ्या हातांत होती, मनाला तिच्याकडे बघायला सवड नव्हती इतकंच. काम संपलं आणि वापरायची राहिलेली ती सगळी तयारी पायांतून थरथरत बाहेर पडली. भीतीला शेवट असतो, कारण तिचं कारण समोर असतं. पडदा विझला की शरीराला कळतं, झालं.

आता रात्री साडेअकराची तू बघ. खोलीत धूर नाही, वास नाही, बोर्ड गार आहे. धोका आहे तो ‘जर’मध्ये: जर आतली एखादी वायर सैल राहिली असेल तर, जर मला झोप लागली आणि कळलंच नाही तर. ही चिंता. ती बहुतेक वेळा शब्दांत चालते, डोक्यात कुणीतरी सतत बोलत असल्यासारखी. तिला पळायला दिशा नाही आणि विझवायला ज्वाळा नाही. म्हणून शरीर एकदम भडकून शांत होण्याऐवजी मंद आचेवर तासन्‌तास तयार राहतं. दात आवळलेले, खांदे वर ओढलेले, पोट बिघडलेलं, झोप दाराबाहेर. तुझा सकाळचा जबडा रात्रभराच्या या पहाऱ्याचा हिशेब सांगतोय.

यात सगळ्यात फसवा आहे तो तुझा बोर्डाला लागणारा हात. हात लावलास, गार लागला, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू धडा घेतो तो असा: आग लागली नाही, कारण मी बघितलं. वायरिंग नवं आहे म्हणून लागली नाही, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. शिवाय चिंता उद्याविषयी असते आणि उद्याला हात लावून बघता येत नाही. बाराला गार असलेला बोर्ड एकला कसा असेल हे बाराला कळणार नाही, म्हणून एकला पुन्हा उठायचं.

आणखी एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. 2003 साली नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. खूपदा तपासणाऱ्यांची आठवण फारशी चुकली नाही, पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा घसरला, ती अंधूक वाटायला लागली. म्हणजे पाचव्यांदा बघून आल्यावर ‘नीट बघितलं ना?’ ही शंका कमी होत नाही, वाढते. तुझ्याही बाबतीत असंच होत असणार. पहिल्या खेपेचं तुला स्पष्ट आठवत असेल, चौथी आणि पाचवी एकमेकींत मिसळलेली असतील.

म्हणून असं कर. रात्री दहाला एकदाच बोर्डाकडे जा. घाई नको. नीट बघ, वास घे आणि मोठ्याने म्हण, ‘दहा वाजले, बोर्ड गार आहे.’ त्यानंतर उठायचं नाही. उठावंसं वाटेल, जोरात वाटेल. उशाशी वही ठेव. किती वाजले, ओढ दहापैकी किती आहे आणि मन काय होणार म्हणतंय, एवढं लिही. पंधरा मिनिटांनी पुन्हा फक्त आकडा लिही. ही ओढ चढते आणि काही न करताही उतरते. पहिल्या रात्री उतरायला तासही लागेल, पण उतरताना तुला स्वतःच्या अक्षरात दिसेल. सकाळी मन जे होणार म्हणत होतं त्याच्यापुढे काय झालं ते लिही. एकदम जमत नसेल तर सहाच्या तीन खेपा कर, मग एक. मात्र तुझ्याऐवजी नवऱ्याला बघायला पाठवू नकोस, तेही तपासणंच झालं.

मग खरंच काही झालं तर? जळका वास आला, चटचट आवाज आला, दिवे लुकलुकले, तर वही टाक आणि ऊठ. ती चिंता नाही, तो समोरचा धोका आहे, आणि तिथे तुझे हात काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. स्वयंपाकघराबाहेर, शेगडीपासून जरा दूर, धुराची सूचना देणारं यंत्र बसवलं नसेल तर बसव. ती तपासणी नव्हे, व्यवस्था आहे. एकदा बसवायची आणि त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या दिवशीच चाचणी घ्यायची.

तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. ती आग दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे पुन्हा घडल्यासारखी येते का? स्वप्नं पडतात का? स्वयंपाकघरात जायचं टाळतेस का? असं असेल तर ही नुसती काळजी नाही, त्या संध्याकाळचा धसका अजून आत आहे, आणि तीन महिने हा बराच काळ झाला. तेव्हा वहीवर विसंबू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांना भेट. बसल्याजागी छाती धडधडत असेल किंवा वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासून घे, त्याची लक्षणं चिंतेसारखीच दिसतात. आणि चार-सहा आठवडे वही लिहूनही खेपा कमी झाल्या नाहीत, तरी मदत घ्यायला संकोच करू नकोस.

राहिला मुलगा. त्याने आग बघितली आहे, आणि रोज रात्री उठणारी आईही तो बघतो. त्याने विचारलं की एकदाच सांग, ‘हो, दहाला बघितला.’ पुन्हा विचारलं तर उत्तर देऊ नकोस, पण रागावूही नकोस. त्याच्याशेजारी पड आणि त्याला विचार, त्या दिवशी आईने आधी काय केलं होतं? त्याला सांगू दे: मला बाहेर ठेवलंस, स्विच पाडलास, चादर टाकलीस आणि आग विझली. ‘विझली’पर्यंत त्याला नक्की येऊ दे.