तीन महिन्यांचे वेळापत्रक: सणापासून मागे मोजत

प्रश्न: "आम्ही दोघी बहिणी मराठी पाककृतींचे यूट्यूब चॅनल चालवतो. दर शनिवारी एक व्हिडिओ टाकायचा असे ठरवूनही सणांच्या सुमारास सगळे कोलमडते. ऑगस्ट ते ऑक्टोबर 2026 चे नियोजन विषय, मसुदा आणि राखीव व्हिडिओ धरून कसे करावे?"

प्रथम गेल्या वर्षीचे वेळापत्रक बाजूला ठेवून या वर्षीचे पंचांग उघडावे. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला आहे आणि दिवाळीतील लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळी तुमच्या तीन महिन्यांच्या बाहेर पडते, पण फराळाचे व्हिडिओ मात्र ऑक्टोबरातच यायला हवेत, कारण भाजणी कशी करायची हे लोक दिवाळीच्या दिवशी नव्हे, तर सामान भरण्याच्या वेळी शोधतात.

या तीन महिन्यांत चौदा शनिवार येतात. त्यांपैकी अकराच शनिवारांना विषय नेमून द्यावेत आणि प्रत्येक महिन्यातला एक मोकळा ठेवावा. महिन्याला एकच मुख्य सूत्र पुरते: ऑगस्टमध्ये श्रावण आणि नैवेद्याचे पदार्थ, गणपतीनंतरच्या सप्टेंबरात रोजचा डबा, ऑक्टोबरात आधी नवरात्राचा उपास आणि मग फराळ. सूत्रामुळे प्रेक्षकांची सोय होते हे खरे, परंतु माझ्या मते त्याचा मोठा फायदा चित्रीकरणात आहे, आणि तो उकडीच्या मोदकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

मोदकांचा व्हिडिओ चतुर्थीच्या सुमारे दोन आठवडे आधी, म्हणजे शनिवारी 29 ऑगस्टला प्रसिद्ध करायचा असे धरू. तो 22 ऑगस्टपर्यंत पूर्ण तयार होऊन, लघुचित्र आणि वर्णनासह, यूट्यूब स्टुडिओमध्ये पुढची तारीख लावून ठेवलेला असावा. मधला आठवडा कोणत्याही कामाला द्यायचा नाही. संकलनाला त्याआधीचा आठवडा लागेल, म्हणून चित्रीकरण 8 आणि 9 ऑगस्टच्या सुट्टीत येते. त्याच्या आधीच्या सुट्टीत एकदा मोदक करून पाहावेत आणि मसुदा त्यानंतरच पक्का करावा, कारण एक वाटी पिठीला एक वाटी पाणी हे प्रमाण तुमच्या हाती असलेल्या तांदळाच्या पिठीला जुळते की नाही, हे उकड मळल्याशिवाय कळत नाही. मसुद्यात प्रमाणे, दृश्यांचा क्रम आणि पहिल्या वीस सेकंदांत बोलायची वाक्ये एवढेच शब्दशः लिहावे. बाकीचे लिहून पाठ केले की बोलणे कृत्रिम वाटते.

आता सूत्राचा फायदा पाहा. त्याच सुट्टीत पातोळ्यांचेही चित्रीकरण होऊ शकते. ओला नारळ आणि गुळाचे सारण तेच, तांदळाची पिठी तीच, मोदकपात्रही तेच. फक्त हळदीची पाने वेगळी आणावी लागतात. एकदा नारळ खवून, दिवे लावून, ओटा आवरून दोन व्हिडिओ मिळतात. पातोळ्या नागपंचमीला, म्हणजे 17 ऑगस्टला हव्यात असे तुम्हाला वाटेल, पण त्यासाठी चित्रीकरण जुलैच्या मध्यावर करावे लागेल आणि तेव्हा हळदीची पाने पुरेशी रुंद झालेली नसतात. गौरी-गणपतीच्या निमित्ताने 5 सप्टेंबरला तो व्हिडिओ देणे मला अधिक योग्य वाटते. निसर्गापुढे तक्ता वाकवावा लागतो, त्याला इलाज नाही.

राखीव व्हिडिओ म्हणजे मागे पडलेले काम नव्हे. भाजणीचे थालीपीठ, लिंबाचे लोणचे यांसारखे सणाशी आणि हंगामाशी न बांधलेले दोन व्हिडिओ जुलैतच पूर्ण करून ठेवावेत. त्यांत बोलताना "या आठवड्यात" किंवा "श्रावणानिमित्त" असे शब्द येऊ देऊ नयेत, नाहीतर ते ऑक्टोबरात निरुपयोगी ठरतात. आजारपण, पाहुणे, वीज जाणे अशा कारणाने त्यांतला एक वापरला, तर महिन्यातला मोकळा शनिवार त्याच्या भरपाईसाठी आहे: त्या दिवशी नवे काही प्रसिद्ध न करता राखीव साठा पुन्हा दोनवर आणायचा. साठा शाबूत असेल, तर त्या शनिवारी सुट्टी घ्यावी किंवा प्रेक्षकांनी मागितलेला पदार्थ द्यावा.

तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे प्रसिद्धीची तारीख, मसुदा, चित्रीकरण, संकलन आणि तयार एवढेच रकाने असू द्यावेत. गाडी रुळावरून घसरते आहे हे प्रसिद्धीची तारीख चुकण्याच्या बरेच आधी दिसते: चित्रीकरण झालेले पण संकलन न झालेले व्हिडिओ तीनपेक्षा जास्त झाले, तर पुढची सुट्टी स्वयंपाकघरात न घालवता संगणकापुढे घालवावी. नवीन चित्रीकरणाचा उत्साह मोठा असतो आणि संकलन कंटाळवाणे, म्हणून तुंबते ते नेहमी तिथेच.

भाजणीच्या चकलीसाठी मी 17 ऑक्टोबर धरेन. म्हणजे तिचे चित्रीकरण सप्टेंबरच्या अखेरच्या सुट्टीत येते, आणि भाजणी भाजून दळून आणायला त्याच्याही आधीचे दोन-तीन दिवस तक्त्यात वेगळे लिहून ठेवावे लागतील.